वडिलोपार्जित घराच्या विक्रीची कथा आणि मधलं आजीचं पत्र: ठेवू, कापू की काढूनच टाकू?

उंबरठा

नमस्कार मंडळी, एक कथा लिहितेय आणि एका जागी घट्ट अडकलेय म्हणून हा धागा. थोडक्यात सांगते. नायक चाळिशीला टेकलेला, घरातलं नाव बंड्या. आजी-आजोबा जाऊन खूप वर्षं झाली, वडीलही गेले, आता घर त्याच्या आणि धाकट्या बहिणीच्या नावावर आहे. दोघंही लांब राहतात, घर बंद पडून खराब होतंय, म्हणून विकायचं ठरलंय. गिऱ्हाईक मिळालंय, साठेखत झालंय, इसाराचे पैसे खात्यात आलेत, खरेदीखताला आठ दिवस आहेत. घर रिकामं करायला बंड्या एकटाच आलाय आणि आजीच्या कपाटात कागदाखाली त्याला एक आंतरदेशीय पत्र सापडतं. 1996 सालचं. चिकटवलेलं, वर त्याचंच नाव आणि पत्ता, पण टाकायचं राहून गेलेलं. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता.

कथा एकूण साडेतीन हजार शब्दांची आणि त्यात पत्र सहाशे शब्दांचं. ज्यांना ज्यांना वाचायला दिली त्यांनी पत्र भरभर वाचून पुढे उडी मारली, आणि माझ्या मते तर तोच कथेचा गाभा आहे. पत्रातला काही भाग देतेय:

*चि. बंड्यास अनेक उत्तम आशीर्वाद. बाळा, हे घर तुझ्या पणजोबांनी मोठ्या कष्टाने उभारले. या भिंतींनी चार पिढ्यांची सुखदुःखे पाहिली आहेत. तुझ्या बाबांचा जन्म याच घरातला. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सोळा वर्षांची होते. मागच्या खोलीत उड्या मारत जाऊ नकोस, खाली आड बुजवलेला आहे, कितीदा सांगितले तरी ऐकत नाहीस. घर म्हणजे नुसत्या दगडविटा नव्हेत, घर म्हणजे माणसांचा जिव्हाळा. तू मोठा होशील, दूर जाशील, पण ही वास्तू कधी परकी होऊ देऊ नकोस. सोबत आपल्या अंगणातले वाळलेले फूल पाठवते आहे...*

असं पुढे बरंच आहे. हे कापू का? की नुसतं 'आजीने घराबद्दल लिहिलं होतं' असं एका ओळीत सांगून मोकळी होऊ? स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

रानजाई

मला तर वाचताना डोळ्यात पाणी आलं गं. अजिबात कापू नकोस. 'भिंतींनी सुखदुःखे पाहिली' हे वाक्य फार सुंदर आहे.

सरळमार्गी

कथा चांगली आहे पण एक तांत्रिक मुद्दा. आजीने 'घर परकं होऊ देऊ नकोस' असं लिहून ठेवलंय म्हणजे तिची इच्छा लेखी झाली ना, मग नातू घर विकू शकेल का? लेखी इच्छा म्हणजे मृत्युपत्रच.

काळा_कोट

नाही हो. मृत्युपत्र ठरायला ज्याने केलं त्याची सही लागते आणि निदान दोन साक्षीदारांनी त्यावर सह्या कराव्या लागतात, ही अट भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 च्या कलम 63 मध्ये आहे. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, एवढं तुमचं बरोबर की कागद कसलाही असला तरी चालतो. पण साक्षीदारच नसलेलं आंतरदेशीय पत्र मृत्युपत्र होत नाही. आणि 'परकं होऊ देऊ नको' ही इच्छा झाली, त्यात कुणाला काही दिलेलंच नाही. विक्री या पत्राने अडत नाही.

दत्तू_पाटलाचा

आमच्याकडे हेच चाललंय!! घर चार भावांच्या नावावर, तीन तयार आहेत, मोठे काका सही करत नाहीत, आईने एका वहीत लिहून ठेवलंय की घर धाकट्याला, म्हणजे मला. गिऱ्हाईक किती दिवस थांबेल सांगा. ती वही लावून काही होईल का? उंबरठाताई, तुमच्या केसमध्ये बहिणीची सही घेतली का आधी?

काळा_कोट

दत्तूभाऊ, ताईंची केस नाहीये, ती कथा आहे. तुमच्या वहीबद्दल वेगळा धागा काढा आणि तिथे एवढंच लिहा की आईचा स्वतःचा हिस्सा किती होता आणि वहीच्या त्या पानावर सह्या कोणाकोणाच्या आहेत. मी येतो तिकडे.

कात्री

मी बरीच वर्षं अंकांसाठी आलेल्या कथा वाचतेय, आणि घर विकायच्या कथा फार येतात, त्यातल्या बऱ्याच कथांत आजीचं नाहीतर आजोबांचं पत्र असतं. त्यातली बहुतेक पत्रं तुझ्यासारखीच अडतात आणि कारणही तेच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पत्र लिहिणारी आजी आहे, ते ज्याला लिहिलंय तो अकरा वर्षांचा बंड्या आहे. मग त्याला 'तुझ्या बाबांचा जन्म याच घरातला' हे ती कशाला लिहील? त्याला ते माहीत आहे. 'मी सोळाव्या वर्षी लग्न होऊन आले' हेही त्याने शंभरदा ऐकलं असेल. ही वाक्यं आजी बंड्याला सांगत नाहीये, तू मला सांगतेयस, म्हणजे वाचकाला. वाचकाला हे बरोबर कळतं, त्याला आत कुठेतरी जाणवतं की हे पत्र आपल्यासाठी लिहिलंय, आणि दुसऱ्याचं पत्र चोरून वाचताना जी ओढ असते ती तिथल्या तिथे संपते. म्हणून लोक उडी मारतात. लांबीचा दोष नाहीये गं, सहाशेचं दोनशे केलंस तरी हीच वाक्यं उरली तर दोनशेलाही उडी मारतील.

एक काम कर. पत्राची प्रत घे आणि पेन्सिल घेऊन बस. जे बंड्याला आधीच माहीत आहे ते प्रत्येक वाक्य खोड. मग जे वाक्य कोणतीही आजी कोणत्याही नातवाला लिहू शकली असती ते खोड. रानजाई, माफ कर, पण सुखदुःखं बघणाऱ्या भिंती यातच जातात, आणि दगडविटा-जिव्हाळाही.

मी हे तुझ्या उताऱ्यावर करून पाहिलं. एकच वाक्य उरलं: 'मागच्या खोलीत उड्या मारत जाऊ नकोस, खाली आड बुजवलेला आहे, कितीदा सांगितले तरी ऐकत नाहीस.'

हे एक वाक्य खरं आहे. यात एक विशिष्ट पोरगा आहे, एक विशिष्ट खोली आहे, आजीचा वैताग आहे आणि काळजी आहे, आणि प्रेम हा शब्द न वापरता ते सगळं प्रेमच आहे. पत्र या वाक्यातून उगवू दे.

उंबरठा

कात्रीताई, हे वाक्य मी अगदी सहज घातलं होतं, आमच्या ओळखीतल्या एका घरात तसं होतं म्हणून. त्यातून पत्र कसं उगवेल? उड्या मारू नको, एवढं सांगायला कोण आंतरदेशीय घेऊन बसेल?

कात्री

हाच प्रश्न विचारायचा. आजीने हे तोंडी का नाही सांगितलं, लिहिलं का? आणि लिहिलं तर टाकलं का नाही? या दोन प्रश्नांची उत्तरं तुझ्याकडे असली पाहिजेत, पत्रात दिसली नाहीत तरी चालेल.

ओळंबा

मी बांधकामातला माणूस, कथेतलं फार कळत नाही, पण त्या आडावर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. ताई, तुमच्या लक्षात येतंय का की ही फार मोठी गोष्ट आहे? बुजवलेल्या आडावर खोली म्हणजे पुढे कुणी तिथे मजला चढवला तर धोका.

आड बुजवताना काय होतं बघा. नीट बुजवायचा तर आधी पाणी उपसून गाळ काढतात, मग खालून डबर, मुरूम असे थर टाकत प्रत्येक थर ठोकून बसवत वर यायचं. हे खर्चाचं आणि कंटाळ्याचं काम. घरच्या घरी बुजवतात तेव्हा वरून जे हाताला लागेल ते ओततात, माती, राडारोडा, फुटकी कौलं, कधी जुनी लाकडंसुद्धा. वरून भरलेलं दिसतं. पण आत पोकळ्या राहतात, लाकूड कुजतं, माती पाण्याने खाली खाली बसत जाते, आणि हे बसणं वर्षानुवर्षं चालू राहतं. आडाचं गोल बांधकाम मात्र जागच्या जागी घट्ट असतं. म्हणून मधली जमीन खचते आणि कडा तशाच राहतात, आणि फरशीला भेग पडते ती सरळ पडत नाही, गोलाकार जाते. फरशीवर काठी आपटली तर तेवढ्या भागात आवाज पोकळ येतो.

तेव्हा आजी उड्या मारू नको म्हणते ते बरोबरच म्हणते. पोराच्या उड्यांनी काही खचणार नाही बहुधा, पण तिला भीती वाटणं साहजिक आहे.

सुमेधा_क

पण मग घेणाऱ्याला ती गोल भेग दिसेलच की?

ओळंबा

नव्याने फरशी बसवली असेल आणि वर सामान असेल तर नाही दिसणार. लोक घर बघायला येतात तेव्हा छत बघतात, ओल बघतात, भिंतीला लोणा लागलाय का बघतात, नळ सोडून बघतात. फरशी वाजवून कोण बघतं. आणि घरात तिथे पूर्वी आड होता हेच माहीत नसेल तर शंका तरी कशी येणार.

काळा_कोट

ओळंबासाहेब, तुम्ही हे लिहिलंत आणि मला कथाच वेगळी दिसायला लागली.

मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 55. विकणाऱ्याची जबाबदारी तिथे लिहिली आहे: मालमत्तेतला असा महत्त्वाचा दोष जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडला नसता, तो विकणाऱ्याने स्वतःहून सांगायचा. न सांगणं म्हणजे लबाडी धरली जाते, तसं त्या कलमातच म्हटलंय. छपराची गळती घेणाऱ्याला दिसते, ती त्याने बघावी. पण खोलीखालचा आड दिसत नाही.

आता बंड्याकडे बघा. पत्र उघडेपर्यंत त्याला आडाचं माहीत नाही, किंवा लहानपणी ऐकलेलं पार विसरलाय, त्यामुळे त्याच्यावर काहीच जबाबदारी नाही. पत्र वाचलं त्या क्षणी त्याला माहीत झालं. साठेखत झालंय, इसार घेतलाय, खरेदीखत व्हायचंय, म्हणजे सांगायला वेळ अजून आहे. मी कथाकार नाही, पण आजीने अकरा वर्षांच्या पोराला उड्या मारू नको म्हणून लिहिलेलं वाक्य चाळिशीच्या माणसाच्या हातात पडल्यावर त्याचा अर्थ बदलतो की नाही सांगा.

कात्री

बदलतो! अहो कोटवाले काका, हेच तर पाहिजे होतं. शब्द तेच, वाचणारा तोच, पण ज्या पोराला ते लिहिलं तो आता राहिलेला नाही. आजीला घर विकलं जाणार हे माहीतच नाही, तिला गुडघे फुटतील याची काळजी आहे. वाचकाला मात्र दोन्ही दिसतंय. घरावर एक अक्षर न लिहिता पत्र घराच्या विक्रीच्या मधोमध येऊन बसलं.

सरळमार्गी

एवढं काही नाही. खरेदीखतात 'मालमत्ता आहे त्या स्थितीत पाहून, तपासून घेतली आहे' असं वाक्य असतंच. ते असलं की विकणारा सुटला. सगळेच टाकतात.

काळा_कोट

तुमचं सगळंच चूक नाही, कलमाच्या सुरुवातीलाच 'वेगळा करार नसेल तर' असं आहे. पण 'आहे त्या स्थितीत' हे जे बघून कळतं त्याला धरून चालतं. माहीत असून लपवलं आणि मग त्या वाक्याचा आडोसा घेतला तर समोरचा फसवणुकीचाच मुद्दा काढणार. माहीत होतं हे सिद्ध कसं करणार, तर ते पत्र. आता पत्राबद्दल फक्त बंड्यालाच माहीत आहे, त्यामुळे खरा प्रश्न कोर्टात नाही, त्या खोलीत आहे.

टपालवाला_निवृत्त

नमस्कार. टपाल खात्यात आयुष्य गेलं म्हणून दोन शब्द. पहिली गोष्ट, आंतरदेशीय पत्रात फूल घालता येत नाही. आत काहीही घालू नये असं त्यावर छापलेलंच असतं. लोक घालायचे तो भाग वेगळा, पण आजी जुन्या शिस्तीची असेल तर घालणार नाही. फूल काढा.

दुसरं, सहाशे शब्द मावणार नाहीत. आत लिहायला एक मोठी बाजू मिळते आणि घड्या घातल्यावर बाहेर एक तुकडा उरतो तेवढाच. अक्षर फार बारीक असेल तर गोष्ट वेगळी, पण म्हाताऱ्या माणसाचं अक्षर मोठं असतं. जागा संपायला लागली की लोक समासात उभ्या ओळी लिहायचे, मग त्या बाहेरच्या तुकड्यावर. आणि अनुभव सांगतो, जे खरं सांगायचं असायचं ते बरेचदा त्या शेवटच्या कोपऱ्यात असायचं, कारण तोवर पुढचं-मागचं, तब्येत-पाणी सगळं लिहून झालेलं असायचं.

तिसरं, टाकलेलंच नाही म्हणजे तिकिटावर शिक्का नाही. मग 1996 हे साल बंड्याला कळणार ते फक्त आजीने वर तारीख घातली असेल तरच. आमच्या पिढीत तारीख घातल्याशिवाय पत्र सुरू होत नसे, तेव्हा ती घाला.

उंबरठा

काका, समासातल्या उभ्या ओळी! हे मी विसरलेच होते, माझी मावशी अशीच लिहायची, पत्र फिरवून फिरवून वाचावं लागायचं.

आता टाकलं का नाही हा प्रश्न उरतो. 'राहून गेलं' एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सुमेधा_क

मला एक सुचतंय. घरातली पत्रं पेटीत टाकायला कोण जायचं? आजोबा जात असतील ना. आड बुजवलाही त्यांनीच असेल, आणि अर्धवट बुजवला असेल, आणि आजीने तेव्हाच टोकलं असेल. आता ती नातवाला ते लिहून बसलीये आणि पत्र द्यायचंय आजोबांच्याच हातात. चिकटवलेलं असलं तरी तिचा धीर झाला नसेल. म्हणून कपाटात.

कात्री

सुमेधा, अप्रतिम. पण उंबरठा, हे कथेत लिहायचं नाही हं. आजोबा रोज टपालपेटीकडे जायचे एवढं कथेत आधी कुठेतरी सहज येऊ दे, चपला घालून, काठी घेऊन. बास. जोडणारा जोडेल.

रानजाई

मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय. तुम्ही सगळे मिळून आजीचं पत्र म्हणजे पुरावा करून टाकलात. आड, कलम, इसार. घर विकताना पोटात जे तुटतं त्याचं काय? आजीने नातवाला जवळ घेणारे दोन शब्द लिहायचेच नाहीत का? माझ्या आजीची पत्रं माझ्याकडे आहेत आणि त्यात खरंच 'घराला विसरू नको' असं लिहिलेलं आहे. खऱ्या आज्या असं लिहितात.

कात्री

लिहितात, मान्य. तुझ्या आजीचं ते वाक्य तुला हलवतं कारण ती तुझी आजी आहे, तिचं अक्षर, तिचा आवाज तुझ्यापाशी आहे. वाचकापाशी यातलं काहीच नाहीये. त्याच्यासाठी आधी ही बाई उभी करावी लागेल, मग तिने एक मायेचं वाक्य लिहिलं तर ते पोचेल. एक ठेवू दे तिला, पण शेवटाला आणि तेही तिच्या पद्धतीने.

ओळंबा

एक शंका. आड होता हे आसपास सगळ्यांनाच माहीत असणार की. आड बुजवणं ही गुपचूप करायची गोष्ट नाही, माती येते, माणसं लागतात. मग गिऱ्हाईकाला शेजारी सांगतीलच.

उंबरठा

हो, यावर विचार केला. आड होता हे जुन्या शेजाऱ्यांना माहीत असेल, पण तो कशाने बुजवला आणि नंतर वाढवलेली खोली नेमकी त्याच्यावर आली हे घरच्यांनाच माहीत. आणि गिऱ्हाईक बाहेरचं आहे. तरी तुमची शंका पूर्ण सुटत नाही, बघते.

बरं, पत्र नव्याने लिहिलंय. हे बघा:

*ता. 14-2-1996*

*चि. बंड्यास आजीचे अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. त्यात सायकलशिवाय काही नाही, म्हणजे ती मिळाली असे धरते. गुडघा फोडलास ते आईने कळवले, तू नाही. हळद लावलीस का? लावली नसशील.*

*माझे बरे आहे. आजोबांचा खोकला आहे तसाच. ते रागावतात म्हणून मी विचारत नाही, ऐकत राहते.*

*सुट्टीत येशील तेव्हा मागच्या खोलीत उड्या मारायच्या नाहीत. मागे नुसते नाही म्हटले, कारण सांगितले नाही, म्हणून तू ऐकले नाहीस. आता मोठा झालास, कारण सांगते. तिथे खाली आड आहे. तुझ्या आजोबांनी बुजवला. माती कमी पडली तेव्हा मोडकी कौले, जुन्या फळ्या, हाताला येईल ते टाकले आणि वर फरशी केली. मी म्हटले होते अजून दोन गाड्या माती आणा. नाही आणली. त्या खोलीत मी पाण्याचे पिंप ठेवत नाही ते त्यामुळे. रात्री कधी फरशी वाजते, मला ऐकू येते, त्यांना येत नाही.*

*(समासात, उभ्या ओळी:) हे कोणाला सांगत बसू नकोस. त्यांना आवडायचे नाही. तुला सांगितले कारण तू पडलास तर मला चालायचे नाही.*

*(बाहेरच्या तुकड्यावर:) जागा संपली. सायकल सावकाश.*

टपालवाला_निवृत्त

हे मावेल. बरोबर मावेल.

कात्री

आता मला हे पत्र कुणी कापायला सांगितलं तर मी भांडेन. 'ऐकत राहते' आणि 'मला ऐकू येते, त्यांना येत नाही' या दोन वाक्यांत चाळीस वर्षांचा संसार आला, आणि तू तो सांगायला गेली नाहीस म्हणून आला.

दोन बारीक गोष्टी. 'आता मोठा झालास, कारण सांगते' यातलं 'आता मोठा झालास' काढून बघ, कारण सांगितलं यातच ते आलं. आणि पत्राच्या शुद्धलेखनात आजीच्या म्हणून चुका घालायचा मोह होईल, तो करू नकोस. तिची वाक्यं आखूड आहेत, विरामचिन्हं कमी आहेत, तेवढ्यात तिचा आवाज येतो. प्रत्येक शब्द चुकवला की वाचक चुकाच मोजत बसतो.

मोठा मुद्दा पत्रानंतरचा. तुझ्या जुन्या मसुद्यात पत्र वाचून बंड्या भिंतीला टेकून रडतो असं असेल तर ते काढ. त्याला काय वाटलं ते सांगू नकोस, तो काय करतो ते सांग. मला वाटतं तो मागच्या खोलीत जाईल. पुढचं ओळंबासाहेबांना विचार.

ओळंबा

जाईल आणि टाच आपटून बघेल. भिंतीजवळ आवाज भरीव येईल. मधे सरकत गेलं की एका ठिकाणी बदलेल. तो आवाज एकदा ऐकला की माणूस तिथे उभा राहत नाही, पाय आपोआप मागे येतो, मी पाहिलंय.

रानजाई

नवीन पत्र वाचलं. मुद्दा सोडत नाही, पण 'तू पडलास तर मला चालायचे नाही' इथे थांबले बराच वेळ.

आता मला दुसरंच टोचतंय. आजी म्हणते कोणाला सांगू नको. कायदा म्हणतो सांग. मग तो सांगतो की नाही? माझ्या मते त्याने सांगू नये. तिने एकच गोष्ट मागितलीये.

काळा_कोट

माझ्या मते सांगावंच. तिने गुपित ठेवायला सांगितलं ते आजोबांच्या मानासाठी, आणि आजोबा आता नाहीत. सांगितलं ते कोणी पडू नये म्हणून. उद्या त्या घरात दुसऱ्या कुणाचं पोर उड्या मारेल. आणि व्यवहारात बघायचं तर सांगितल्याने विक्री मोडेलच असं नाही, किंमत कमी होईल किंवा खोली पाडून आड नीट भरून द्यायचा करार होईल.

सरळमार्गी

किंमत कमी झाली की बहीण विचारणार का कमी झाली म्हणून. तेव्हा?

सुमेधा_क

अरे हो! घर दोघांच्या नावावर आहे. म्हणजे तो एकटा ठरवूच शकत नाही. बहिणीला पत्र दाखवायचं की नाही? आणि पत्र फक्त बंड्याला आहे, तिला नाही. आजीने तिला कधी लिहिलंच नसेल तर?

कात्री

तिचं वय 1996 मध्ये किती होतं त्यावर आहे. वाचता न येण्याइतकी लहान असेल तर एक अर्थ होतो, नऊ वर्षांची असेल तर अगदी वेगळा. ठरव आधी.

काळा_कोट

आणि कायद्याने दोघंही विकणारे. त्याला माहीत असून त्याने तिला न सांगता खरेदीखतावर तिची सही घेतली, तर उद्या घेणाऱ्याने बोट दाखवलं की तीही त्यात ओढली जाईल, काही माहीत नसताना.

उंबरठा

नऊ वर्षांची करते. आणि तीही त्या खोलीत उड्या मारायची. बहिणीचा फोन येतो तो प्रसंग आता लिहायला घेतलाय, पत्र त्याच्या दुसऱ्या हातात आहे आणि ती विचारतेय की कपाट विकायचं की कुणाला देऊन टाकायचं. झाला की इथेच टाकते. तोवर कुणाला शेवटाबद्दल अजून काही म्हणायचं असेल तर लिहा, रानजाई तू तर नक्कीच.